भर दुपारी, बंद गाडीत

काका, आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने आयुष्यातली पहिली गाडी बुक केली आहे. छोटी पेट्रोल हॅचबॅक. त्याच्या घरात याआधी कुणाकडेच चारचाकी नव्हती. पुढच्या आठवड्यात डिलिव्हरी आहे आणि आम्ही चौघांनी मिळून 3000 रुपये जमवलेत. एक म्हणतो सीट कव्हर, दुसरा म्हणतो डॅशबोर्डवरची मूर्ती आणि परफ्यूम, तिसऱ्याने आतून लावायची निळी एलईडी पट्टी बघून ठेवली आहे. मला वाटतं, हवा भरायचा बॅटरीवाला पंप द्यावा. मित्र कामासाठी महिन्यातून एक-दोनदा पुण्याला जातो. खरंच वापरलं जाईल असं काय द्यावं? आणि ग्रुपमधलीच एक मैत्रीण पुढच्या महिन्यात स्कूटर घेतेय, तिच्यासाठीही सांगा.
— जुळे सोलापूरहून एक वाचक

पंपाचं तुझ्या डोक्यात आलं ते चांगलं झालं. पण बॅटरीवर चालणारा घेऊ नकोस, वायरचा घे. असं का, ते आधी सांगतो, म्हणजे बाकीच्या वस्तूंचा निकाल तुझा तूच लावशील.

गाडी दिवसभर उभी कुठे राहणार? घरासमोर, नाहीतर ऑफिसच्या बाहेर, म्हणजे बहुतेक वेळ उघड्यावर. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो यात काही नवीन नाही, पण तो आकडा सावलीतला. काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 20 अंशांनी जास्त तापते, आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जाते. म्हणजे आतली हवा साठीच्या पुढे. डॅशबोर्डवर तर थेट ऊन पडतं, त्यामुळे तो याहूनही तापलेला, हात टेकवत नाही इतका. काचा बोटभर खाली ठेवल्या तरी फार फरक पडत नाही. दुकानात पंख्याखाली छान दिसणारी वस्तू पुढचे तीन महिने या भट्टीत राहणार आहे, हे धरूनच ती निवडायची.

बॅटरीच्या पंपात लिथियमचे सेल असतात. उन्हात रोज इतकं तापल्यावर त्यांची ताकद भराभर उतरते, सेल फुगतात, आणि माल हलका असेल तर पेटूही शकतात. मग माणूस काय करतो, तर जपून वापरू म्हणून पंप घरी नेऊन ठेवतो. टायर बसतो मोहोळच्या अलीकडे आणि पंप असतो जुळे सोलापुरात, कपाटात. वायरच्या पंपात बॅटरीच नसते. आत छोटी मोटर, बाहेर रबरी नळी, आणि गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसायची पिन. तो डिकीत वर्षभर पडून राहिला तरी लागेल तेव्हा चालतो. हाच हिशोब गाडीतच ठेवून द्यायच्या पॉवरबँकला, चार्जिंगवर चालणाऱ्या छोट्या व्हॅक्यूमला आणि आत बॅटरी असलेल्या स्वस्त डॅशकॅमला लावायचा. टायरमध्ये फवारायचा सीलंटचा डबा किंवा स्प्रेसारखं छोटं अग्निशामक सुचवणाराही कुणीतरी निघेल. त्या डब्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की 50 अंशांच्या वर तापू देऊ नका. आपल्या गाडीत ही अट पहिल्याच उन्हाळ्यात मोडते.

आता पंप कसा बघून घ्यायचा ते. मित्राच्या गाडीतल्या सॉकेटच्या झाकणावर किंवा शेजारी बहुधा 12 व्होल्ट, 120 वॉट असं छापलेलं असेल. पंप त्याहून जास्त वीज ओढणारा नको, नाहीतर सॉकेटचा फ्यूज उडतो. मग पंपही बंद, मोबाइल चार्जरही बंद, आणि नवा मालक गाडी बिघडली म्हणून घाबरून शोरूम गाठतो. फ्यूज किरकोळ पैशांत मिळतो, पण मनस्ताप व्हायचा तो होतोच. दुसरं, वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोचली पाहिजे. वायर साधारण 3 मीटर असावी, आणि ती मागच्या दारातून घ्यायची की खिडकीतून, हे दुकानाबाहेर एखाद्या गाडीवर लावूनच बघा. तिसरं म्हणजे ठरवलेला आकडा आला की आपोआप बंद होणारा घ्या, कारण हातातलं काम सोडून मीटरकडे टक लावून कुणी बसत नाही. आणि व्हॉल्व्हला बसणारं तोंड आटे फिरवून लावायचं, शक्यतो पितळी असावं. खटक्याचं प्लॅस्टिकचं तोंड वर्षभरात सैल पडतं आणि भरताना जाते त्याहून जास्त हवा बाहेर सुसाटते. यात बसणारा बरा पंप दीड ते अडीच हजारांत येतो. त्याच्या डब्यावर दिवा, चाकू, होकायंत्र असलं काही असेल तर त्याचे पैसे मोजू नका. दिवा तेवढा कामाचा.

नुसता पंप देऊन मोकळं होऊ नका, कारण ज्याच्या घरात कधी गाडी नव्हती त्याला हवेचा आकडा कुठे लिहिलेला असतो हेही ठाऊक नसतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर पुढच्या-मागच्या टायरचे आकडे असतात, दोघं बसल्यावरचे वेगळे आणि गाडी भरल्यावरचे वेगळे. टायरच्या कडेला जो मोठा आकडा कोरलेला असतो तो टायर सोसू शकेल ती कमाल मर्यादा. तेवढी हवा भरायची नसते, आणि गल्लत इथेच होते. समजा स्टिकरवर 33 पीएसआय आहे. रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चारही चाकं मोजली. तीन टायर 32 दाखवतात आणि डाव्या बाजूचा मागचा 27. इंजिन चालू करून, म्हणजे गाडीची बॅटरी उतरणार नाही, चारही 33 वर आणायचे. सत्तावीसवाल्याला दोन-चार मिनिटं लागतील. सात-आठ मिनिटं सलग चालवल्यावर पंपाला थोडी विश्रांती द्यायची, आणि लगेच नळीच्या तोंडाला हात लावायचा नाही, चटका बसतो.

मग बुधवारी सकाळी पुन्हा मोजायचं. तीन टायर जागच्या जागी आणि तोच डावा पुन्हा तीसवर आला असेल तर तिथे काहीतरी रुतलंय. आपल्या भागात ते बहुधा बाभळीचा काटा, नाहीतर खिळा. साबणाचं पाणी टायरवर ओतलं की जिथून बुडबुडे निघतील ती जागा. काटा दिसला तरी उपटायचा नाही! ट्यूबलेस टायरमध्ये तोच काटा भोकाला बूच बनून बसलेला असतो. तो तसाच ठेवून, हवा भरून, हळू पंक्चरवाल्याकडे जायचं. भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल तर पंक्चर निघतं. बाजूच्या पातळ भिंतीला असेल तर टायर बदलायचा, तिथे पंक्चर काढून देतो म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. रात्री अकरा वाजता पुण्याहून येताना टायर बसला, तर हाच पंप त्याला अंधारात, ट्रकच्या वाऱ्यात जॅक लावण्यापासून वाचवेल. हवा टिकत असेल तर भरून पुढच्या ढाब्याच्या उजेडापर्यंत जाता येतं. भरताभरताच निघून जात असेल तर मात्र स्टेपनीशिवाय गत्यंतर नाही. टायर पूर्ण बसलेला असताना तसाच दोन किलोमीटर चालवला तर आतून फाटतो, मग पंपही काही करू शकत नाही.

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, मग हा खर्च कशाला, असं तुमच्यातला कुणी म्हणेल. मिळते, पण तिथे पोचेपर्यंत टायर तापलेला असतो. हवेचं तापमान 20 अंशांनी चढलं की आकडा साधारण 3 पीएसआयने वर जातो. सकाळी 33 असलेला टायर मे महिन्यात दुपारी हायवेवर 37 दाखवतो, नवा मालक घाबरून हवा सोडायला सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी थंड टायर 29 वर. उन्हात वाढलेला आकडा बघून हवा कमी करायची नाही, एवढं एक वाक्य कागदावर लिहून डब्यात टाका.

घेण्याआधी एक खात्री मात्र करा. 2020 मध्ये नियम बदलला, तेव्हापासून टायरची हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट देणाऱ्या गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. त्या किटमध्ये बऱ्याचदा पंप असतोच. मित्राची गाडी तशी असेल तर तुमचा पंप दुसरा होईल. त्याला संशय येऊ न देता विचारायची युक्ती सोपी आहे. गाडी बघायला गेलात की म्हणा, "स्टेपनी कुठेय, दाखव की." त्याच वेळी शोरूमने ॲक्सेसरीजचं पॅकेज म्हणून काय-काय गळ्यात मारलंय तेही बघून घ्या. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि परफ्यूम हे बहुतेक त्या बिलात आधीच असतं. मित्रमंडळींच्या भेटी दुहेरी होतात त्या इथेच. धोक्याचा लाल त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी नव्या गाडीसोबत येतेच, ती पुन्हा आणू नका.

पंपातून उरलेल्या पैशांत पुढच्या काचेला आतून लावायचा घडीचा सनशेड घ्या. तीनशे ते सहाशे रुपयांत येतो. चंदेरी बाजू बाहेर, आणि मापाला कंजूषपणा नको, कारण कडेला चार बोटं फट राहिली की नेमकं स्टिअरिंगवर ऊन येतं. याने आतली हवा फार थंड राहील असं नाही, पण स्टिअरिंग आणि गिअरचा गोळा हातात धरता येतो, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक टिकतं. घडी करायला दोन झटके लागतात. उघडझाप करायच्या छत्रीसारखेही मिळतात, पण त्यांची दांडी गाडीतल्या स्क्रीनवर आदळते, म्हणून मी साधा घडीचाच सांगतो. बाजूच्या काचांना काळी फिल्म लावून देतो म्हणणाऱ्याला मात्र हात जोडा. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवायला मनाई केली, आणि पहिल्याच महिन्यात मित्राने सात रस्त्याला पावती फाडावी अशी भेट कशाला द्यायची?

आता सीट कव्हर. यावर तुमच्यात वाद होणार हे मला दिसतंय, म्हणून जरा सविस्तर. आजकाल छोट्या गाड्यांतही सहा-सहा एअरबॅग येतात, आणि बाजूच्या दोन पुढच्या सीटच्या पाठीतच बसवलेल्या असतात. सीटच्या दाराकडच्या कडेला AIRBAG असं छापलेली छोटी चिठ्ठी शिवलेली दिसेल. धडक बसली की ती शिवण फाडून एअरबॅग बाहेर येते. त्यावरून जाड रेक्झिनचं, चहूबाजूंनी घट्ट शिवलेलं कव्हर चढवलं तर एअरबॅगला वाट मिळत नाही, उशीर होतो किंवा ती भलत्या दिशेला फुगते. एअरबॅगच्या जागी मुद्दाम कमजोर शिवण दिलेली कव्हरं मिळतात, पण ती नेमकी त्या मॉडेलची असावी लागतात आणि तुमच्या 3000 मध्ये पूर्ण सेट बसणार नाही. त्यातून आपलं ऊन. दुपारी रेक्झिनवर बसून दाखवा एकदा.

सोलापूरकराने सोलापूरकराला सीटसाठी काही द्यायचंच असेल तर आपला टेरी टॉवेल द्या. सरकारी गाड्यांत साहेबांच्या पाठीला पांढरा टॉवेल असतो त्याची आपण चेष्टा करतो, पण या हवेत तो शहाणपणाचाच प्रकार आहे. घाम टिपतो, चटका बसू देत नाही, मळला की धुता येतो. दोन मध्यम आकाराचे, गडद रंगाचे घ्या. पाठीच्या मधोमध टाका, वरून हेडरेस्टला अडकवा, आणि दाराकडच्या त्या शिवणीवर येऊ देऊ नका. काच मात्र याने पुसू नका, नव्या सुती टॉवेलचा कापूस काचेला चिकटून राहतो. बाहेरच्या रंगासाठी जाड मायक्रोफायबरचे दोन फडके वेगळे घ्या.

रंगावरून आठवलं, पाण्याच्या जोरावर धुवायचं मशीन सुचवणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि आलेलं पाणी टाकीत साठवून घर चालतं. तिथे ते मशीन घेऊन तो काय धुणार? बादलीभर पाणी आणि ओलं फडकं, तेही आधी धूळ पाण्याने सैल करून. कोरड्या फडक्याने रोज सकाळी गाडी झटकणाऱ्यांच्या बॉनेटवर उन्हात तिरकं बघा, गोल गोल ओरखडे दिसतील. उडालेल्या मातीतले बारीक कण रंगावर घासले जातात त्याचे ते.

मूर्तीबद्दल जपून बोलतो. गाडीत देव हवाच, माझ्याही गाडीत आहे. पण तो त्याच्या आईने किंवा आजीने बसवलेला असू दे. तुम्ही एक द्याल, मामा एक देईल, सासुरवाडीहून एक येईल, आणि देव एकदा गाडीत आला की काढायची कुणाची छाती होत नाही. डॅशबोर्डवर देवघर भरलेल्या गाड्या तू पाहिल्या असशीलच, समोरचा रस्ता त्यांतून वाट काढून बघावा लागतो. शिवाय जागेचा प्रश्न. ड्रायव्हरशेजारच्या माणसासमोर, डॅशबोर्डच्या वरच्या भागात एअरबॅग असते. तिच्या झाकणावर चिकटवलेली पितळी किंवा दगडी मूर्ती धडकेत गोळीसारखी तोंडावर येते. आणि मे महिन्यात दुहेरी टेपचा गोंद वितळतो, मूर्ती घसरते आणि तिथे काळा चिकट डाग उरतो. घरच्यांनी आणलीच तर मित्राला सांगा, मधल्या भागात, एसीच्या जाळ्यांच्या खाली, हलकी आणि बोटभर उंचीची बसव.

परफ्यूमला एवढं बोलायची गरज नाही. बाटलीतलं तेलकट द्रव उन्हात पातळ होऊन झिरपतं आणि डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकवर पांढरट डाग पाडतं, तो जात नाही. आरशाला टांगलेलं असेल तर डोळ्यांसमोर झुलत राहतं. नव्या गाडीचा वास लोकांना मुळातच आवडतो.

निळ्या पट्टीचा मित्र रागावेल, पण तिला हात लावायच्या आधी त्याला एक प्रश्न विचारा: वीज कुठून घेणार? यूएसबीला लावायची असेल तर निदान नुकसान नाही, फक्त रात्री पुढच्या काचेत निळं प्रतिबिंब पडतं आणि समोरचा अंधार आणखी गडद वाटतो. दुकानदार डॅशबोर्ड उघडून मूळ वायर सोलून जोडणार असेल तर सरळ नको म्हणा. नव्या गाडीत वायर तोडली-जोडली की विजेच्या भागांची वॉरंटी अडचणीत येते, आणि पुढे हॉर्न जरी बिघडला तरी सर्व्हिस सेंटर त्या जोडाकडे बोट दाखवतं. मोठे हॉर्न, वाढीव वॉटचे दिवे, सगळ्यांचं तेच. पट्टीचं पाकीट अजून फोडलेलं नसेल तर परत करून त्या पैशांत मायक्रोफायबर घ्या.

एक वेगळा पर्यायही तुमच्यासमोर ठेवतो, कारण मित्र पुण्याला जातो. राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाला. सुरुवातीची किंमत 3000 रुपये, एक वर्ष किंवा 200 वेळा टोलनाका ओलांडणं, यापैकी जे आधी संपेल ते. किंमत वर्षागणिक बदलू शकते, म्हणून भरण्याआधी बघून घ्या. पुण्याच्या वाटेवर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस असे चार नाके लागतात, म्हणजे जाऊन-येऊन आठ. महिन्यातून दोनदा गेला तर वर्षाचे 192, जवळजवळ पूर्ण पास वापरला जातो. एकदाच गेला तरी 96 वेळा होतात, म्हणजे नाक्यामागे साधारण 31 रुपये, आणि कारचा तिथला नेहमीचा टोल याहून जास्त आहे. पुढे तो एक्सप्रेसवेने मुंबईला गेला तर तिथे हा पास चालत नाही, तिथला टोल नेहमीसारखा कापला जातो. आणि एक अडचण म्हणजे नव्या गाडीचा फास्टॅग कधीकधी चेसिस नंबरवर दिलेला असतो. त्यावर पास निघत नाही. MH-13 चा नंबर पडून तो फास्टॅगला जोडला गेला की मगच निघतो, तेही सरकारी राजमार्गयात्रा ॲपवरून त्याच्या गाडीच्या नावाने. म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी हातात द्यायला काही नसेल.

दोन्ही परवडणार नाही. मला विचारशील तर मी पंपच घेईन. टोलचे पैसे प्रत्येक नाक्यावर त्याच्या डोळ्यांसमोर कापले जाणार आहेत, त्यामुळे पास तो महिन्याभरात स्वतःच काढेल. हवा हळूहळू कमी होते ती मात्र त्याला दिसत नाही, आणि पहिल्या गाडीचा मालक पंप स्वतःहून विकत घेतो तो पहिला टायर फाटल्यावर. बिल ज्याच्या नावाचं त्याचं असू दे, पण वॉरंटीचा कागद डब्यातच ठेवा. आणि डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एकाने जाऊन चारही टायर त्याच्यासोबत मोजा. शोरूममध्ये उभ्या गाड्यांत हवा बरेचदा जास्त भरून ठेवलेली असते, त्यामुळे पहिलंच मोजमाप कामाला येतं.

मैत्रिणीच्या स्कूटरला हा पंप उपयोगाचा नाही, कारण बहुतेक स्कूटरला ते सॉकेट नसतं. तिला हेल्मेट द्या. नव्या दुचाकीसोबत विक्रेत्याने हेल्मेट देणं नियमात आहे, आणि ते मिळतंही, पण बऱ्याचदा एकाच मापाचं आणि सैल. सैल हेल्मेट पडताना डोक्यावरून निघून जातं. म्हणून यात गुपित ठेवू नका, तिला दुकानात घेऊन जा. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. जो सेंटिमीटरचा आकडा येईल त्या मापाचं हेल्मेट काढायला सांगा. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि पट्टा लावून मागून वर उचललं तरी ते पुढे सरकून डोळ्यांवर येता कामा नये. पाच-दहा मिनिटं घालून दुकानातच फिरू दे. कपाळावर एकाच जागी ठणकायला लागलं तर आकार तिच्या डोक्याचा नाही, मापाचा आकडा बरोबर असला तरी. मागे आयएसआयची खूण आणि IS 4151 हा आकडा बघा. ती खूण नसलेलं हेल्मेट रस्त्याकडेला दीडशे रुपयांत मिळतं, ते देण्यापेक्षा काही न दिलेलं बरं.

रंग शक्यतो पांढरा किंवा फिकट घ्या. काळं डोक्यावर तापतं, आणि तापलं की ती आरशाला अडकवून फिरेल. काच साधी पारदर्शक असू दे. काळ्या काचेतून संध्याकाळी विजापूर रोडवर समोरचा खड्डा दिसत नाही. तिच्यासाठी बजेट थोडं वर जात असेल तर हेल्मेटच्या आतलं अस्तर काढून धुता येईल असं घ्या. घामाने दोन महिन्यांत वास यायला लागतो आणि मग हेल्मेट घरीच राहतं. स्कूटरला क्रोमचे दांडे, हँडलला गोंडे, सीटवर दुसरं कव्हर आणि नंबरप्लेटवर भलतं काही लिहून घेणं, यातलं एकही नको. मोबाइल होल्डर मागितला तरी नाही म्हणा. भर उन्हात हँडलवर लावलेला फोन तापून स्वतःच बंद पडतो, आणि तो चालू असेल तेव्हा नजर रस्त्यावर राहत नाही.